वरचा ठोका खाली पोहोचत नाही तेव्हा

26 मार्च 1954 रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात वॉल्टन लिलेहाय या शल्यविशारदाने जेमतेम वर्षाच्या एका बाळाचे हृदय उघडून आतले भोक शिवले. हार्ट-लंग मशीन तेव्हा सर्रास वापरात नव्हते. बाळाचे वडील शेजारच्या टेबलावर झोपले होते आणि त्यांचेच हृदय व फुप्फुसे नळ्यांमधून बाळाला शुद्ध रक्त पुरवत होती. लिलेहाय यांनी या पद्धतीने पुढे अनेक मुलांवर शस्त्रक्रिया केल्या. बरीच मुले वाचली. पण साधारण दहातल्या एका मुलाच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडे. भोक नीट बुजलेले असे, टाके पक्के असत, तरी हृदयाचे ठोके अचानक मिनिटाला तीस-चाळीसवर येत. या वयाच्या मुलाचे हृदय एरवी मिनिटाला शंभराहून अधिक वेळा धडधडते. ही मुले काही तासांत किंवा दिवसांत दगावत. पेसमेकरच्या इतिहासाकडे पाहताना हे विसरून चालणार नाही: आज म्हाताऱ्यांचे यंत्र म्हणून आपण ज्याला ओळखतो, ते या मुलांमुळे घडले.

घोटाळा कुठे होत होता, ते समजायला हृदयाची रचना पाहावी लागते. हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंदे आणि खालचे दोन म्हणजे निलय. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. विश्रांतीच्या वेळी तो मिनिटाला साठ ते शंभर वेळा विजेचा संदेश सोडतो. संदेश वरच्या कप्प्यांत पसरतो, ते आकुंचन पावतात. पण वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये तंतुमय ऊतीचे एक जाड कडे आहे आणि त्यातून वीज जात नाही. नदीवर एकच अरुंद पूल असावा तशी या कड्यातून एकच वाट जाते. ही वाट 1906 मध्ये सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरने जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली टप्प्याटप्प्याने शोधून काढली. वरच्या टोकाला एक गाठ, तिथून खाली जाणारा जुडगा आणि पुढे त्याच्या फांद्या, असे त्याचे स्वरूप. त्यातला जुडगा विल्हेल्म हिस यांनी 1893 मध्येच दाखवला होता. तावारांनी त्याची दोन्ही टोके जोडून दिली. हा जुडगा नेमका खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या वरच्या कडेने जातो, आणि लिलेहाय बुजवत होते ती भोके बहुतेक तिथेच असत. सुई मिलिमीटरभर इकडची तिकडे झाली की टाका जुडग्यात बसे.

वाट पूर्ण तुटली तरी हृदय लगेच थांबत नाही, आणि या आजाराचे सगळे कोडे यातच आहे. वरचे कप्पे आपल्या गतीने धडधडत राहतात. खालच्या कप्प्यांना संदेश येईनासा झाला की तिथल्याच काही पेशी स्वतःहून ठोका देऊ लागतात. वाट गाठीजवळ तुटली असेल तर हा पर्यायी ठोका चाळीस-पन्नासपर्यंत राहतो आणि बऱ्यापैकी भरवशाचा असतो. ती खाली, जुडग्यात किंवा फांद्यांत तुटली असेल तर गती वीस ते चाळीस असते आणि हा ठोका कधी दगा देईल याचा नेम नसतो. तो काही सेकंद थांबला की मेंदूला रक्त मिळत नाही आणि माणूस उभ्याउभ्या कोसळतो. पुन्हा ठोका आला की तो डोळे उघडतो, पांढराफटक पडलेला चेहरा लाल होतो आणि मिनिटाभरात तो पुन्हा बोलू लागतो. ईसीजीच्या पट्टीवर हे सगळे स्वच्छ दिसते: वरच्या कप्प्यांच्या लहान लाटा ऐंशीच्या गतीने, खालच्या कप्प्यांच्या उंच लाटा बत्तीसच्या गतीने, आणि दोघींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. यालाच कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतात. रक्तवाहिनीतल्या ज्या 'ब्लॉकेज'साठी अँजिओप्लास्टी करतात, ते वेगळे.

ईसीजी येण्याच्या कितीतरी आधी डब्लिनमधल्या दोन डॉक्टरांनी हे जवळजवळ ओळखले होते. रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी 1827 मध्ये महसूल खात्यातल्या 68 वर्षांच्या एका अधिकाऱ्याची हकिगत छापली. सात वर्षांत त्याला वीसेक वेळा झटके आले होते आणि नाडी मिनिटाला तीस होती. तेव्हाच्या समजुतीनुसार दोष मेंदूचा होता. अ‍ॅडम्स यांनी म्हटले, मूळ हृदयात आहे. 1846 मध्ये विल्यम स्टोक्स यांनी अशाच एका रुग्णाच्या मानेकडे नीट पाहिले. मनगटावरची नाडी संथ होती, पण मानेतली शीर तिच्या दुपटीहून अधिक वेळा उडत होती. वरचे कप्पे वेगळे चालले आहेत आणि खालचे वेगळे, हे त्यांनी नुसत्या डोळ्यांनी टिपले होते. अर्थ मात्र उलगडायला आणखी अर्धे शतक जावे लागले. निदानाची खरी अक्कल या दोघांच्या बोटांत आणि डोळ्यांत होती, असे माझे मत आहे. उपाय मात्र त्यांच्या हाती काहीच नव्हता.

उपायाची पहिली खात्री 1952 मध्ये बॉस्टनच्या पॉल झोल यांनी पटवली. त्यांनी छातीवर पट्ट्या लावून बाहेरून विजेचे धक्के दिले आणि थांबणारे हृदय चालू ठेवले. पण एवढ्या जाडीतून हृदयापर्यंत पोहोचायला शंभर व्होल्टच्या आसपास वीज लागे. प्रत्येक ठोक्याला छातीचे स्नायू आखडत, कातडी भाजे. लहान मुलाला असे दिवसेंदिवस ठेवणे अशक्य होते. शिवाय लिलेहाय यांच्या कित्येक रुग्णांत टाक्याभोवतीची सूज उतरली की वाट पुन्हा सुरू होई. प्रश्न होता तोवरचे काही दिवस काढण्याचा.

जॉन जॉन्सन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने सुचवले, की बेडकाच्या हृदयाला प्रयोगशाळेत ज्या यंत्राने ठोके देतो ते वापरून पाहा आणि तार थेट हृदयाच्या स्नायूतच बसवा. 30 जानेवारी 1957 रोजी एका तीन वर्षांच्या मुलीवर हे केले गेले. जिथे शंभर व्होल्ट लागत होते तिथे आता अवघे काही व्होल्ट पुरले, आणि मुलीला वेदनाही झाली नाही. अडचण एकच उरली: यंत्र भिंतीतल्या विजेवर चाले. मूल वायरच्या लांबीपलीकडे जाऊ शकत नसे. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला शहराची वीज काही तास गेली आणि या सोयीतला धोका सगळ्यांना दिसला.

लिलेहाय यांनी रुग्णालयाची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन या तरुण अभियंत्याला बोलावले. एका गॅरेजात त्याने मेडट्रॉनिक नावाची छोटी कंपनी काढली होती. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकात मेट्रोनोमचे, म्हणजे संगीताच्या सरावासाठी ठराविक लयीत टकटक करणाऱ्या उपकरणाचे सर्किट आले होते. तेच त्याने दोन ट्रान्झिस्टर वापरून हातात मावेल अशा डबीत बसवले, बॅटरी लावली आणि सुमारे चार आठवड्यांत ती आणून दिली. प्रयोगशाळेतल्या कुत्र्यावर चाचणी झाली. दुसऱ्या दिवशी बॅकन रुग्णालयात गेला तर ती डबी एका मुलाच्या अंगावर चालू होती. आजच्या नियमांत हे बसणार नाही, आणि नियम असलेच पाहिजेत. पण डबी कपाटात ठेवून मूल जाऊ देणे लिलेहाय यांना मान्य नव्हते, आणि त्या खोलीत त्यांचेच बरोबर होते.

शरीराच्या आत संपूर्ण यंत्र बसवण्याचा मान स्टॉकहोमचा. 8 ऑक्टोबर 1958 रोजी शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी ते आर्ने लार्सन यांच्या पोटाच्या कातडीखाली बसवले. लार्सन तेव्हा 43 वर्षांचे होते आणि त्यांना दिवसाला वीस-तीस झटके येत. डॉक्टरांच्या मागे लागून त्यांना यंत्र करायला लावले ते लार्सन यांच्या पत्नीने, एल्स-मारी यांनी. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. पुढे आयुष्यभरात त्यांना सव्वीस यंत्रे लागली. 2001 मध्ये, वयाच्या 86 व्या वर्षी, ते कर्करोगाने गेले. तोवर सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही निवर्तले होते.

आजचा पेसमेकर पंचवीस-तीस ग्रॅमचा असतो आणि गळपट्टीच्या हाडाखाली बसतो. शिरेतून दोन तारा आत जातात, एक वरच्या उजव्या कप्प्यात, दुसरी खालच्या. वरची तार तिथला ठोका ऐकते. यंत्र सेकंदाचा साधारण सहावा भाग थांबते, निरोगी गाठ थांबते तेवढेच. खाली आपसूक ठोका आला तर ते गप्प राहते. नाही आला तर स्वतः देते. तुटलेल्या वाटेचे काम ते करते, तेवढेच करते. त्याने हृदयाचा जोर वाढत नाही आणि हार्ट अटॅक टळत नाही. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षे चालते. तार सरकली किंवा तुटली तर पुन्हा चक्कर येऊ लागते. यंत्रावरची कातडी लाल झाली, ताप आला, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी लागते. तार खालच्या कप्प्याच्या टोकाला असली तर हृदय थोडे वाकडेतिकडे आकुंचन पावते आणि काही रुग्णांत वर्षांनंतर ते कमजोर होते. म्हणून अलीकडे तार थेट त्या मूळ जुडग्यापाशी किंवा त्याच्या डाव्या फांदीपाशी नेण्याचे प्रयत्न चालले आहेत.

प्रत्येक ब्लॉकला कायमचा पेसमेकर लागतोच असे नाही. हार्ट अटॅकनंतरचा काही प्रकारचा ब्लॉक दिवसांत ओसरतो. काही गोळ्यांनी आलेला गोळ्या थांबवल्यावर जातो. आपल्याकडे कुंपणाला लावतात त्या पिवळ्या कण्हेरीच्या बियांचे विष हाच ब्लॉक घडवते. तिथे तात्पुरती तार घालून वेळ काढता येतो.

आता सवाल निदानाचा उरतो, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. समजा, सत्तरीतल्या एका आजींना महिनाभरात तीनदा भोवळ आली. कुणी अशक्तपणा म्हणून सलाईन लावते, कुणी फिट समजून मेंदूच्या तपासण्या सांगते. बीपी मोजले तर 190 आणि 70. ठोके संथ असल्याने हृदय दर वेळी जास्त भरते आणि जास्त रक्त ढकलते, म्हणून वरचा आकडा फुगतो. तो पाहून एखाद्याने ठोके कमी करणारी बीपीची गोळी सुरू केली, की उरलासुरला पर्यायी ठोकाही दबतो. आजींचा आजार त्याच यंत्रावर लिहिलेला असतो, बीपीच्या दोन आकड्यांखाली: नाडी 32.

घरात बीपीचे यंत्र असेल तर तो तिसरा आकडा वाचा. नसेल तर मनगटावर बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर मोजा. चक्कर येऊन पडणाऱ्या माणसाची नाडी चाळीसच्या खाली असेल, तर गोळ्यांची यादी बरोबर घेऊन त्याच दिवशी त्याचा ईसीजी काढा.