यामाशिताला फाशी, मेडिनाची सुटका

१/ ऑक्टोबर १९४५. उद्ध्वस्त मनिला शहरात जपानचा सेनापती तोमोयुकी यामाशिता याच्यावर खटला उभा राहिला. त्याने स्वतः कोणाला ठार मारले किंवा कत्तलीचा हुकूम दिला, असे आरोपपत्रात म्हटलेले नव्हते. आरोप एवढाच होता की, हाताखालच्या सैन्याला आवरण्याचे कर्तव्य त्याने पाळले नाही.

२/ गुन्हे मात्र भयंकर होते. फेब्रुवारी १९४५ मधील मनिलाच्या लढाईत सुमारे एक लाख नागरिक मृत्युमुखी पडले; त्यांपैकी असंख्य जणांची जपानी सैन्याने कत्तल केली. बचाव पक्षाचे म्हणणे असे की, यामाशिताने शहर सोडण्याचा आदेश दिला होता. तेथे लढत राहिलेले सैन्य मुख्यतः नौदलाचे होते आणि तो स्वतः दूर डोंगराळ भागात होता.

३/ निवाडा पाच अमेरिकी जनरलांनी केला. त्यांतला एकही पेशाने वकील नव्हता. सैन्यावर परिणामकारक नियंत्रण ठेवण्यात तो अपयशी ठरला, असा निष्कर्ष काढून त्यांनी फाशी सुनावली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रोखली नाही. असहमत न्यायमूर्ती मर्फी यांनी एक मर्मभेदी विसंगती दाखवली: यामाशिताची संपर्कव्यवस्था अमेरिकी सैन्यानेच तोडली होती आणि आता नियंत्रण सुटल्याचा दोष त्याच्याच माथी मारला जात होता. २३ फेब्रुवारी १९४६ रोजी त्याला फाशी देण्यात आले.

४/ पुढे हीच फूटपट्टी अमेरिकेच्या स्वतःच्या दारात आली. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील माय लाय येथे अमेरिकी तुकडीने शेकडो निःशस्त्र गावकरी मारले. तुकडीचा प्रमुख कॅप्टन अर्नेस्ट मेडिना त्याच परिसरात होता. तरीही त्याच्या खटल्यात निकष बदलला: हत्या चालू असल्याचे त्याला प्रत्यक्ष ठाऊक होते, हे सिद्ध व्हायला हवे. १९७१ मध्ये तो निर्दोष सुटला. दोषी ठरला तो एकटा लेफ्टनंट विल्यम कॅली, आणि त्याचीही जन्मठेप काही वर्षांच्या नजरकैदेवर निभावली.

५/ दोन्ही टोके अन्यायाचीच. पहिल्यात केवळ पदच गुन्हा ठरते. दुसऱ्यात डोळे मिटून बसणे हाच अधिकाऱ्याचा उत्तम बचाव होतो.

६/ १९९८ च्या रोम संविधीतील २८ वे कलम मधला मार्ग सांगते. लष्करी सेनापतीबाबत त्याचे प्रश्न साधे आहेत. सैन्य खरोखर त्याच्या ताब्यात होते का? गुन्ह्यांची त्याला माहिती होती, किंवा त्या परिस्थितीत असायला हवी होती का? आणि ते रोखण्यासाठी वा दोषींना शिक्षा व्हावी यासाठी शक्य ते सारे त्याने केले का?

७/ निकष योग्यच आहे. हुकूम सहसा कागदावर उतरत नाही आणि केवळ शिपायाला शिक्षा झाली, तर कत्तल घडू देणारी साखळी शाबूत राहते. पण न्यायाची कसोटी कायद्याच्या शब्दांत संपत नाही. पराभूत सेनापतीला लावलेले माप विजेता आपल्या कॅप्टनलाही लावतो का, तेथे ती लागते. मनिला ते माय लाय या प्रवासात अमेरिका त्या कसोटीला उतरली नाही.