अब्बांचा नंबर आणि एक किलोचं पाकीट

गेल्या अंकात आम्ही दोघी जावांनी वर्षाच्या मसाल्याचा हिशेब याच पानावर मांडला होता. तो वाचून बऱ्याच बहिणींचा एकच सवाल आला: चाळीस किलो उरला म्हणता, तर मग भाव का नाही उतरवला? आम्हीही त्याच बेतात होतो. उतरवला नाही त्याचं कारण सात फोन. त्या फोनांची हकीकत आज सांगतो.

आधी थोडं मागचं. आपट्याला आमच्या अंगणात मार्च-एप्रिलात मिरची वाळते. बेडगी, संकेश्वरी आणि थोडी काश्मिरी, देठं काढून, कडक वाळवून, भाजलेल्या धण्या-गरम मसाल्यासोबत डंखावर कुटून आणतो. किलोचा भाव नऊशे. मिरचीपासून पाकिटापर्यंत सगळं धरून खर्च सातशेवीस. म्हणजे किलोमागे हातात एकशेऐंशी. पावसाळा अर्धा उलटला तरी चाळीस किलो पडून होता, आणि मसाला जुना होत गेला की आधी रंग जातो, मग वास. शंभर रुपये उतरवायचं जवळजवळ ठरलं होतं. उतरवले असते तर हातात ऐंशी उरले असते, म्हणजे अर्ध्याहून जास्त नफा गेला असता, आणि तोही केवळ ‘महाग वाटत असेल’ या आमच्या अंदाजावर. तेव्हा थोरली जाऊबाई म्हणाली, जे घेतात त्यांनाच विचारू की. का घेतला, आणि घेता घेता कुठे अडले होते.

सुरुवात आम्ही चुकीची केली, तीही सांगायला हवी. पहिला फोन पनवेलच्या खालाजानला. “माशाअल्लाह, काय मसाला आहे तुमचा!” यापुढे गाडी सरकेना. मग आम्हीच विचारलं, “खाला, मच्छीचा वेगळा मसाला केला तर घ्याल का?” “का नाही? जरूर घेऊ!” दुसरा फोन मामीला, तिथेही तेच. आम्ही खुशीत पाच किलो मच्छीचा मसाला कुटून आणला. खालाने मोहब्बतीखातर अर्धा किलो नेला, मामीने पाव, बाकीचा आम्ही वर्षभर घरच्या सुरमईला लावतो आहोत. रॉब फिट्झपॅट्रिक नावाच्या एका लेखकाचं ‘द मॉम टेस्ट’ हे पुस्तक २०१३ साली आलं. त्याचं नावच या गोष्टीवरून आहे: आईला आपल्या धंद्याबद्दल मत विचारलं तर ती प्रेमापोटी चांगलंच बोलणार. म्हणून मत विचारू नये, आणि पुढे काय कराल हेही विचारू नये. झालेली गोष्ट विचारावी. आमच्या खालाने मात्र हा धडा पुस्तकाशिवायच दिला.

मग वही काढली. नातेवाईक वगळले. गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदा घेतलेली नावं तेवढी ठेवली, कारण पाच वर्षांपासून घेणाऱ्या बाईला पहिला दिवस आठवत नाही, ती “सवयच झाली” म्हणते. अशी आठ नावं निघाली: तळोजा, मुंब्रा, पनवेल आणि रसायनीची एक ताई. प्रत्येकीला आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर दोन ओळी पाठवल्या: विकायला फोन करत नाही, पंधरा मिनिटं बोलायचं आहे, तुम्हाला सवड कधी? बहुतेकींनी जोहरनंतर आणि असरच्या आधीची वेळ दिली. भांडी आवरलेली असतात, मुलं शाळेत असतात. एकीने फोन उचललाच नाही. राहिल्या सात.

एक जण बोलायची, दुसरी शेजारी बसून वहीत लिहायची. समोरचीच्या तोंडचे शब्द, आहेत तसे. रेकॉर्ड केलं नाही. करायचं असेल तर आधी विचारावं लागतं, आणि विचारलं की बाई जपून बोलायला लागते.

तळोज्याच्या एका सूनबाईंशी झालेलं बोलणं वहीतून जवळजवळ तसंच देतो.

“बाजी, आमचा मसाला पहिल्यांदा मागवला तो दिवस आठवतो का?”

“जूनमध्ये. पाऊस लागला होता.”

“त्याआधी घरात कुठला होता?”

“अम्मीचा. दरवर्षी अम्मीच पाठवायची. यंदा तिचे गुडघे धरले, डंखापर्यंत जाणं होईना.”

“मग काय केलंत?”

“दुकानातलं पाकीट आणलं. सालनाला रंग यायचा, चव नाही. एका जुम्याला सासऱ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. बोलले काहीच नाहीत. पण मला कळलं.”

बघा, आम्ही इतके दिवस पाकिटावर ‘अस्सल चव’ छापत होतो. ही बाई चवीसाठी दुकानं धुंडाळत नव्हती. अम्मीचे गुडघे आणि सासऱ्यांचं ताट, या दोन गोष्टींनी तिला आमच्यापर्यंत आणलं. सातांपैकी चौघींच्या बोलण्यात घरातली मोठी बाई मसाला करायची थांबली होती, दोघी चाळीतून फ्लॅटमध्ये गेल्या होत्या आणि मिरची वाळवायला गच्ची नव्हती. फक्त रसायनीच्या ताईंचं कारण निराळं निघालं: शेजारणीच्या दावतीत खाल्लेलं मटण घरी करून बघायचं होतं.

आता अडलं कुठे, ते. हा सवाल सरळ विचारला तर उत्तर मिळत नाही. “घ्यायच्या आधी काही शंका होती का?” म्हटलं की “नाही हो, काही नाही” येतं, कारण विकणाऱ्याच्या तोंडावर कोण उणं काढणार? त्यापेक्षा दिवस मोजत जावं. आमचं पाकीट पहिल्यांदा कुठे पाहिलं? नणंदेच्या घरी. कधी? शाबानमध्ये कधीतरी नाही, नाही, शाळा सुरू झाल्या तेव्हा. आणि मागवला कधी? तीन आठवड्यांनी. हे तीन आठवडे काय चाललं होतं, तिथेच सगळं दडलेलं असतं.

“मग तीन आठवडे कसे गेले, बाजी?”

इथे ती गप्प झाली. आमच्या धाकटीला गप्प राहवत नाही, ती लगेच “भाव जास्त वाटला का?” म्हणणार होती. थोरलीने तिचा हात दाबला. मनात पाचपर्यंत मोजायचं असं आम्ही आधीच ठरवलं होतं. चार झाले असतील.

“खरं सांगू का? एकदा नंबर लावला होता. मर्दाचा आवाज आला. ठेवून दिला. मग यांना सांगितलं, हे रोज विसरायचे.”

पाकिटावर नंबर अब्बांचा, म्हणजे आमच्या सासऱ्यांचा. मोबाईल घरात आधी त्यांच्याकडे आला म्हणून तोच छापला, पुन्हा कधी विचार केला नाही. अब्बांचा आवाज तसा दणदणीत, “हां, बोला!” म्हणाले की आम्हीसुद्धा दचकतो. आणि आम्हाला आठवलं, अब्बा कित्येक महिन्यांपासून कुरकुरत होते की कोणीतरी फोन लावून कापतं. ते कंपनीवाल्यांना शिव्या घालायचे. ती गिऱ्हाइकं होती! सातांपैकी तिघींनी हे सांगितलं. एकीने स्वतः फोन कापला होता, दुसरीने नवऱ्याला करायला लावला, आणि मुंब्र्याच्या आपांनी लेक कॉलेजातून येईपर्यंत वाट पाहिली होती.

‘महाग’ हा शब्दही आला. दोनदा. पण तो आला की लगेच वहीत ‘भाव उतरवा’ असं लिहायचं नाही, “कशापेक्षा महाग?” असं विचारायचं. एकीचं उत्तर असं: “अम्मी घरी करायची त्यालाही जवळपास तेवढाच खर्च येतो. पण किलोचे एकदम नऊशे द्यायचे आणि घरात नाही चालला तर? शिवाय अम्मीच्या मसाल्याचे दोन चमचे घालायचे, तुमच्याचे किती, कसं कळणार?” म्हणजे भाव तिला पटत होता, पण बघण्याआधीच एक किलो गळ्यात पडत होता. आम्ही लहान पाकीट ठेवतच नव्हतो. किलोची भीती पाच जणींच्या बोलण्यात कुठे ना कुठे होती.

बोलणं खरं की निव्वळ शिष्टाचार, हे ओळखायची आमची खूण एकच. उत्तरात एखादा दिवस, एखादं माणूस, एखादी जागा असेल तर ते घडलेलं असतं. “क्वालिटी छान आहे, विश्वास वाटतो” यात यांपैकी काहीच नसतं. अशा वाक्याखाली आम्ही नुसती रेघ मारून ठेवली.

आणि आपली बाजू मांडायची नाही. पनवेलच्या भाबी म्हणाल्या, पाकीट फोडलं तर मिरचीचं एक देठ निघालं. धाकटी म्हणणारच होती की आम्ही एकेक देठ हाताने काढतो. म्हटलं असतं तर भाबींनी पुढचं सांगितलंच नसतं, की तेच पाकीट त्यांनी बहिणीला द्यायचं ठेवलं होतं आणि मग दिलं नाही.

पाचव्या फोननंतर नवं फारसं येईना. सहावा-सातवा बहुतेक त्याच गोष्टी सांगून गेला, तेव्हा थांबलो. पण सात जणींवरून ‘निम्म्या बायका अब्बांना घाबरतात’ असा हिशेब कोणी मांडू नये. फोनने अडचण कुठे आहे ते कळतं, किती जणींची आहे ते कळत नाही. ते वहीच सांगते. म्हणून भाव तसाच ठेवून दोन गोष्टी केल्या. पाकिटावर थोरलीचा नंबर चिकटवला आणि खाली ‘बायका फोन घेतात’ एवढंच लिहिलं. आणि दोनशे ग्रॅमचं पाकीट काढलं, दोनशे रुपयांना, किलोच्या मानाने किंचित चढंच. मागे एक ओळ: अर्धा किलो मटणाला किती चमचे.

रमजान लागेपर्यंत चोवीस घरांनी लहान पाकीट नेलं. त्यांतल्या तेरा घरांनी पुढे किलो घेतला. जुन्या गिऱ्हाइकांचंही मागणं आलं, आणि चाळीस किलोतला पाचच किलो राहिला. यात नव्या नंबराचा वाटा किती आणि लहान पाकिटाचा किती, हे आम्हाला वेगळं काढता येत नाही, कारण दोन्ही एकदम केलं. एकेक करायला हवं होतं. अब्बांचे कापले जाणारे फोन मात्र बंद झाले. सुरुवातीला त्यांना चैन पडलं, आता अधूनमधून विचारतात, कोणी माझ्यासाठी फोन केला होता का?

एक काम राहिलं आहे. ज्या आजही घेतात त्यांनाच आम्ही विचारलं. ज्यांनी एकदा नेला आणि पुन्हा फिरकल्या नाहीत, अशी वहीत अकरा नावं आहेत. त्यांचं काय अडलं ते या सात जणी सांगू शकत नाहीत. थोरलीने त्यांतली पहिली चार नावं काढून कागदावर लिहिली आहेत. कागद पंधरा दिवस फ्रिजवर चिकटलेला आहे, आणि पहिला फोन कोणी लावायचा यावरून आमची रोज तकरार चालली आहे.