दुकान उघडण्यापूर्वीचे पाच दिवस

दुकान उघडण्याआधी मोबाईलच्या स्टेटसवर ‘चार दिवस राहिले’, ‘तीन दिवस राहिले’ असे लिहिण्याची पद्धत आता आपल्या व्यापाऱ्यांतही रूढ झाली आहे. कल्पना जुनीच. अमेरिकेत 1913 साली एका सिगारेट कंपनीने आधी वर्तमानपत्रांत केवळ ‘उंट येत आहेत’ अशा अर्थाच्या जाहिराती दिल्या आणि मालाचे नाव मागाहून उघड केले. त्या कंपनीजवळ पैसा होता, लोकांना कोड्यात ठेवणे तिला परवडत होते. गल्लीतल्या दुकानदाराने तिची नक्कल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘काहीतरी खास येत आहे’ असे चार दिवस वाचून गिऱ्हाईक पाचव्या दिवशी ते पाहणेच सोडून देते.

समजा, दहा वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काम केलेला एक टेलर कारागीर जुन्या नाशकात, भद्रकालीच्या बाजूला, स्वतःचे दुकान थाटतो आहे. दोन मशीन, दोन कारागीर. उद्घाटन शनिवारी, 14 तारखेला. त्याने पाच ओळी अशा लिहाव्यात.

मंगळवारी बोर्डाचा फोटो टाकून लिहावे : ‘चार दिवस राहिले. शनिवार, 14 तारखेला सकाळी 11 वाजता आमचे टेलरिंगचे दुकान सुरू होत आहे.’ बुधवारी स्वतः शिवलेल्या कॉलरचा जवळून घेतलेला फोटो : ‘तीन दिवस. काम पाहून घ्या.’ गुरुवारी दर : ‘दोन दिवस. पठाणी सूटची शिलाई 600 रुपये, अस्तराचे वेगळे.’ शुक्रवारी रस्ता : दुकान कोणत्या खुणेजवळ आहे आणि गाडी कोठे लावायची. शनिवारी : ‘दुकान उघडले आहे. पहिल्या 10 जोडांची डिलिव्हरी पुढच्या शनिवारी.’

हा 10 चा आकडा कोठून आला? एक कारागीर दिवसाला एक जोड नीट उतरवतो असे धरू. रविवार ते गुरुवार पाच दिवस, शुक्रवारी सुट्टी. दोघांचे मिळून 10 जोड. अकराव्या गिऱ्हाईकाला पुढची तारीख सांगावी. उत्साहाच्या भरात 25 जोड घेऊन ठेवले, तर पुढच्या शनिवारी 15 माणसे रिकाम्या हाताने परततील आणि ती पुन्हा येणार नाहीत.

आता वेळेचा मुद्दा. स्टेटस 24 तास राहते. रात्री नऊला ‘उद्या उद्घाटन’ असे लिहिले, तर दुसऱ्या दिवशी दुपारी वाचणारा त्याचा अर्थ परवा असा घेतो आणि एक दिवस उशिरा येतो. म्हणून ओळ सकाळी सातलाच टाकावी. दुसऱ्या दिवशी सातला ती आपोआप जाते. शिवाय ‘उद्या’ न लिहिता प्रत्येक वेळी वार आणि तारीख लिहावी.

दुसरी अडचण नंबरांची. आपला नंबर ज्याने सेव्ह केला आहे आणि ज्याचा आपण केला आहे, त्यालाच स्टेटस दिसते. म्हणून आठवडाभर आधी एक लहान पत्रक छापून मोहल्ल्यात वाटावे आणि ‘हा नंबर सेव्ह करा’ असे त्यावर लिहावे. कोणी फोन केला की त्याचाही नंबर आपण ठेवावा. येथे एक मोह होतो. जुन्या मालकाच्या वहीतील गिऱ्हाईकांचे नंबर उतरवून आणण्याचा. ती वही त्याची अमानत आहे. तिच्यावर नवे दुकान उभे करू नये.

सर्वांत मोठी चूक म्हणजे तयारी नसताना मोजणी सुरू करणे. विजेचे मीटर बसलेले नाही, बोर्ड पेंटरकडेच आहे आणि इकडे ‘चार दिवस’ सुरू! मीटर लागले, मशीन चालवून पाहिली, बोर्ड चढला, त्यानंतरच पहिली ओळ टाकावी. एवढे करूनही तारीख हुकली, तर गप्प बसू नये. ‘विजेच्या कामामुळे शनिवारऐवजी मंगळवार, 17 तारीख’ असे त्याच दिवशी लिहावे.

ओळी लागू पडताहेत की नाही, हे किती जणांनी पाहिले यावरून ठरत नाही. कोणी विचारले का, ते पाहावे. ‘लहान मुलांचे शिवता का?’ असा प्रश्न दोघांनी विचारला, तर दुसऱ्या दिवशीच्या ओळीत त्याचेच उत्तर द्यावे. पाच दिवसांत एकही प्रश्न आला नाही, तर दर किंवा पत्ता कोठेतरी अस्पष्ट राहिला आहे असे समजून ओळी पुन्हा वाचाव्यात. गिऱ्हाईक त्या जबान म्हणून वाचते. शनिवारी 11 म्हटले, तर शटर पावणेअकरालाच वर असले पाहिजे.