पालीताण्याची पाटी, गुलमंडीची भाषा

गेल्या चातुर्मासात घरातील जुनी यात्राचित्रे एका संग्रहात लावावयास घेतली. त्यांत पालीताण्याच्या बाजारातील एक छायाचित्र आहे. शत्रुंजयाची यात्रा करून उतरलेली माझी आई पूजासाहित्याच्या एका दुकानासमोर उभी आहे आणि तिच्या मस्तकावर रंगाऱ्याने हाताने रंगविलेली गुजराती पाटी आहे. आई आता नाही. पुण्यातील नातीने विचारले, "आजोबा, पणजी कशाच्या दुकानासमोर उभी आहे?" तिला गुजराती लिपी येत नाही. म्हणून पाटीचे मराठी रूप, तिच्याच रंगात व घाटात, संग्रहात ठेवावे असे ठरविले.

प्रथम पाटीचा भाग मोठा छापून घेतला आणि तिची अक्षरे भाषांतर न करता जशीच्या तशी देवनागरीत उतरविली. ही पायरी गाळू नये; वाचन आणि अर्थ एकदमच करू गेल्यास डोळा आपल्या ओळखीचा शब्द वाचतो. माझे तसेच झाले. 'केसर, सुखड, बरास, वरख, वासक्षेप' या ओळीतील 'सुखड' मी घाईने 'सुखडी' वाचले आणि मिठाई समजून तसे लिहिलेही. आमच्या सौराष्ट्राकडील वहिनींनी ते पाहून म्हटले, "भाऊजी, सुखड म्हणजे चंदन. सुखडी खायची, सुखड सहाणेवर उगाळायची." चूक मला आधीच दिसावयास हवी होती. ओळीतील इतर चारही वस्तू पूजेच्या होत्या, एकटीच खाण्याची कशी असेल? यादीत एखादा शब्द सोयरा वाटेनासा झाला की तो पुन्हा वाचावा.

आता कोणता शब्द बदलावा? दुकानाचे नाव बदलले नाही. केसरचे केशर, सुखडचे चंदन, वरखचा वर्ख झाला. 'बरास' म्हणजे भीमसेनी कापूर. पण ते दोन शब्द घातल्यास ओळ लांबून अक्षरे बारीक करावी लागत होती. आमच्या घरी पूजेत बरासच म्हणतात, म्हणून तो शब्द राखला आणि अर्थ चित्राखालच्या टिपेत दिला. 'वासक्षेप' अर्थातच तसाच राहिला.

पाट्यांची स्वतःची एक ठरलेली भाषा असते. तेथे शब्दकोश पुरत नाही. 'जथ्थाबंध तथा छूटक' याचे कोशातील मराठी 'घाऊक व किरकोळ' असे होईल. परंतु आपल्या मराठवाड्यातील पेठेत रंगारी 'ठोक व चिल्लर' लिहीत आला आहे, तेच मी घेतले. 'अमारी बीजी शाखा नथी' याचे 'आमची दुसरी शाखा नाही' हे भाषांतर बिनचूक असले तरी निर्जीव आहे. मराठी दुकानदार 'आमची कोठेही शाखा नाही' असेच म्हणतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर मराठी पाटी सर्व दुकानांना बंधनकारक झाली, तेव्हा अनेकांनी इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहिले. लिपी बदलली, भाषा राहून गेली.

पाटीवर 'संवत २०१९' असे स्थापनावर्ष होते. त्याचा शक अथवा इसवी सन केला नाही. गुजराती संवत कार्तिकात बदलतो, त्यामुळे महिना कळल्याशिवाय वर्ष १९६२ की १९६३ हे ठरत नाही. टिपेत '१९६२-६३' लिहिले.

उरला घाट. गुजराती अक्षरांवर शिरोरेषा नसते. मूळ पाटीसारखे दिसावे म्हणून मी प्रथम मराठी अक्षरेही शिरोरेषेविना काढविली. गुलमंडीजवळच्या एका वृद्ध रंगाऱ्याने ती पाहून मान हलविली. "साहेब, हे 'भांडार' आहे की 'मांडार'?" भ आणि म, ध आणि घ यांतील भेद बराचसा शिरोरेषेच्या खंडावर ओळखू येतो, ती काढली की लांबून वाचणारा फसतो. त्याने शिरोरेषा ठेवली, पण बारीक. अक्षरांची जाडी, पिवळी जमीन, लाल अक्षर आणि उजवीकडे व खाली पडणारी पांढरी छाया मूळाप्रमाणे राखली. शिरोरेषा व वरच्या मात्रांना जागा लागते, म्हणून अक्षराचा मुख्य भाग त्याने थोडा बुटका केला आणि ओळीची एकूण उंची मूळाइतकीच ठेवली.

हे सारे त्याने पारदर्शक कागदावर रंगविले. मूळ छायाचित्राला हात लावला नाही. बँकेत चुकलेली नोंद खोडरबराने पुसत नसत. रेघ मारून, खालचे वाचता येईल असे ठेवून, शेजारी सही करीत. तोच नियम येथे पाळला. कागद खाली टेकविला की पाटी मराठी होते. उचलला की पालीताण्याची तीच पाटी, आणि तिच्याखाली आई.

नातीने कागद दोनदा उचलून खाली ठेवला आणि विचारले, "मग पणजीने चंदन घेतले होते का?" घेतले होते. तो खोडाचा तुकडा देवघरात अजून आहे.