ताळेबंद चोख, पगार चुकीचे

एकाला शंभर रुपये कमी मिळाले आणि दुसऱ्याला शंभर जास्त, तर एकूण खर्चाच्या रकान्यात काहीच बिघडलेले दिसत नाही. कॅनडाच्या केंद्र सरकारने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथे ‘फिनिक्स’ ही नवी पगारप्रणाली सुरू झाली. तिच्यामुळे वर्षाला सात कोटी डॉलर वाचतील असा अंदाज होता. खात्याखात्यांतून पगाराचे काम पाहणाऱ्या सुमारे बाराशे जणांची पदे कमी करून, न्यू ब्रन्सविकमधल्या मिरामिची गावी साडेपाचशे जणांचे एक केंद्र उभारले गेले. प्रत्यक्ष पगार काढून पाहण्याची प्रायोगिक चाचणी मात्र रद्द झाली. काटकसर करायची तर ती सगळीकडेच करावी, नाही का?

घोटाळ्याचे मूळ साधे होते. कोणी वरच्या पदाचा तात्पुरता कार्यभार घेतो, कोणी बाळंतपणाच्या रजेवर जाते, कोणाचा जादा वेळ धरायचा असतो. हा बदल वेळेवर नोंदवला गेला नाही, तर कार्यभार घेणाऱ्याला वाढीव वेतन मिळत नाही आणि कार्यभार सोडून गेलेल्याला ते मिळतच राहते. म्हणजे एकाच दिरंगाईतून कमी पगारही निघतो आणि जास्तही. जून २०१७ अखेर दीड लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या पगाराची प्रकरणे तुंबली होती. महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार, कमी पगार मिळालेल्यांना सरकारने सुमारे २२ कोटी ८० लाख डॉलर देणे होते, तर जास्त मिळालेल्यांकडून सुमारे २९ कोटी ५० लाख येणे होते.

आता या दोन आकड्यांचे करायचे काय? वजाबाकी केली तर चूक पावणेसात कोटींच्या आत राहते. बेरीज केली तर ती ५२ कोटींच्या वर जाते. महालेखापरीक्षकांनी चुकीचा आवाका सांगताना बेरीज केली, हे त्यांचे उपकार. पण २०१६-१७ च्या सरकारी हिशेबाची तपासणी करताना नमुन्यातल्या ६२ टक्के कर्मचाऱ्यांना वर्षभरात निदान एकदा तरी चुकीचा पगार मिळालेला आढळला. तरीही हिशेबाला ‘योग्य’ असा दाखला मिळाला. कमी आणि जास्त रकमांनी परस्परांना बऱ्याच अंशी छेद दिला होता. लेखापरीक्षणाच्या नियमाने यात काही गैर नाही. ज्याच्या घराचा हप्ता थकला त्याला मात्र शेजारच्या टेबलावर जास्त पैसे गेल्याने दिलासा मिळत नाही.

दुरुस्तीची कथा याहून बोचरी आहे. समजा, एकाला हजार डॉलर चुकून जास्त दिले गेले. कर वगैरे कापून त्याच्या खात्यात सातशेच आले. पुढच्या वर्षी चूक ध्यानात आली की त्याच्याकडून मागायचे मात्र हजार! उरलेले तीनशे त्याने करखात्याकडून सोडवून आणायचे. म्हणजे सरकारच्या एका हाताने चुकून दिले, दुसऱ्या हाताने कापून घेतले, आणि दोन्ही हातांची गाठ घालून देण्याचे काम कर्मचाऱ्याचे. हातात पडले तेवढेच परत करण्याची मुभा देणारा कायदेबदल जाहीर व्हायला जानेवारी २०१९ उजाडला.

आपल्याकडे या प्रकाराला ‘अतिप्रदान’ असे भारदस्त नाव आहे आणि ते बहुधा निवृत्तीच्या तोंडावर उघडकीस येते. वेतन पडताळणी पथकापुढे सेवापुस्तक जाते, वीस वर्षांपूर्वीच्या वेतननिश्चितीत एक वेतनवाढ जास्त धरल्याचे दिसते आणि वसुलीचा आदेश निघतो. दरमहा मूळ वेतनात अकराशेचा फरक असेल तर वर्षाचे तेरा हजार दोनशे होतात. त्यावरचा महागाई भत्ता, घरभाडे आणि पुढच्या प्रत्येक वेतनवाढीतला फरक वेगळा. निश्चिती करणारा लिपिक आणि तीवर सही करणारा अधिकारी तोवर बदलून गेलेले असतात किंवा निवृत्त झालेले असतात. आदेशात त्यांच्यासाठी रकाना नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये रफिक मसीह प्रकरणात तृतीय व चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, तसेच पाच वर्षांहून जास्त काळ ज्यांना जादा रक्कम मिळत राहिली असे कर्मचारी यांच्याकडून वसुली करण्यास मज्जाव केला. त्यावर आनंद मानण्यापूर्वी एक कागद शोधा. वेतन सुधारणेच्या वेळी ‘जादा रक्कम निघाल्यास परत करीन’ असे हमीपत्र लिहून घेतले जाते. जुलै २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात याच न्यायालयाने असे हमीपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याकडून वसुली योग्य ठरवली, फक्त दोन वर्षांच्या हप्त्यांची सवलत दिली. तेव्हा सरकारी नोकरीतल्या वाचकांनी सेवापुस्तकातली वेतननिश्चिती या महिन्यातच तपासून घ्यावी आणि शंका असल्यास लेखी कळवून पोच घ्यावी.