‘खातरजमा करून घ्यावी’ म्हणजे नेमकं काय करायचं?

नर्सिंगची प्रशिक्षण-पुस्तिका सुटसुटीत करायला घेतली की दोन बाजूंनी ओरड होते. ज्येष्ठ शिक्षिका म्हणतात, “परिच्छेद मोडून पायऱ्या केल्यात तर मुली विचार करायच्या थांबतील. नर्स म्हणजे काय हुकमाची ताबेदार आहे?” वॉर्डातल्या इनचार्ज सिस्टर म्हणतात, “कारणं वर्गात शिकवा हो. रात्री अडीच वाजता निबंध कोण वाचतंय? काय करायचं तेवढं लिहा.” दोघींचं म्हणणं निम्मं खरं आहे आणि अडचण तीच आहे. साफ चुकीच्या माणसाशी भांडणं त्यामानाने सोपं असतं.

हा वाद हवेत घालण्यात अर्थ नाही, म्हणून एकच पान घेते: रायल्स ट्यूबमधून फीड देणे. अर्धांगाचा झटका आलेला, गिळता न येणारा रुग्ण जवळपास प्रत्येक मेडिसिन वॉर्डात असतो आणि दर दोन-तीन तासांनी कोणीतरी त्याला फीड देत असतं. पहिल्या वर्षाच्या मुलीच्या हातात हे काम लवकर येतं. आमच्या जुन्या पुस्तिकेत त्याबद्दल असं लिहिलेलं होतं:

“नासिकामार्गे जठरात घातलेल्या नलिकेद्वारे आहार देण्यापूर्वी नलिकेचे अग्र जठरातच असल्याची खातरजमा करून घ्यावी. याकरिता नलिकेतून हवा सोडून जठराच्या भागावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकणे, जठरद्रव ओढून पाहणे इत्यादी पद्धती प्रचलित असून, नलिका श्वसनमार्गात गेल्यास आहार फुफ्फुसात जाऊन गंभीर गुंतागुंत संभवत असल्याने खात्री झाल्याशिवाय आहार वा पाणी सोडू नये, तसेच रुग्णाचे डोके उंचावर असावे.”

परिच्छेदाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा मजकूर डमीपाशी उभं राहून, हातात सिरिंज धरून वाचून पाहावा. डोकं उंचावण्याचं काम हाताला सगळ्यात आधी करायचं आहे. ते इथे शेवटी आलंय, शेपटासारखं. म्हणजे मजकूर लिहिणाऱ्याच्या विचाराच्या क्रमाने चालतो आणि हात कामाच्या क्रमाने. ‘उंचावर’ म्हणजे किती, ते नाही. आवाज ऐकणं आणि द्रव ओढणं ‘इत्यादी पद्धती’ म्हणून शेजारी-शेजारी बसवलेत, त्यामुळे जी सोपी ती मुलगी करणार. आणि खात्री झालीच नाही तर पुढे काय, हे तर कुठेच नाही.

यात मराठीचाही थोडा हात आहे. ‘घ्यावी’, ‘असावे’ हे विध्यर्थी रूप फार सभ्य आहे. त्यात सल्ला, अपेक्षा आणि सक्ती तिन्ही मावतात, आणि घाईत असलेला वाचक सोयीचं तेवढं घेतो. शिवाय आपला नकार वाक्याच्या टोकाला येतो. “खात्री झाल्याशिवाय आहार वा पाणी सोडू” इथपर्यंत डोळा गेला आणि तेवढ्यात नातेवाइकाने हाक मारली, तर उरलेलं ‘नये’ पुस्तकातच राहतं. म्हणून मनाई नेहमी तोकड्या, स्वतंत्र वाक्यात हवी: पाणी सोडू नका. संपलं.

पण “यातली कारणं मुलींना विचार करायला लावतात” हा शिक्षिकांचा मुद्दा? तो याच परिच्छेदाने खोटा ठरवला आहे. हवा सोडून ‘गुडगुड’ ऐकण्याची पद्धत आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवली. ती विश्वासार्ह नाही, कारण नळी श्वासनलिकेत किंवा अन्ननलिकेत असली तरी हवेचा आवाज पोटाच्या वरच्या भागावर ऐकू येऊ शकतो. इंग्लंडमधल्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने २००५ साली ही पद्धत वापरू नका म्हणून सूचना काढली आणि २०११ मध्ये पुन्हा बजावलं. “नळी चुकीच्या जागी असती तर रुग्ण खोकला असता” हाही भरवसा बेशुद्ध रुग्णाबाबत चालत नाही. जुन्या परिच्छेदात ‘गंभीर गुंतागुंत’ आहे, पण आवाज का फसवतो याचा शब्द नाही. कारणांची गर्दी होती. नेमकं हवं ते कारण तिच्यात नव्हतं.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. इनचार्ज सिस्टरांचा हुकमी मुद्दा म्हणजे चेकलिस्ट. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची यादी २००८ पासून वापरात आहे, १९ मुद्दे, एकाही मुद्द्यापुढे कारण नाही, आणि ती उपयोगी पडते. खरं आहे. पण ती यादी कारणं आधीच माहीत असलेल्यांना आठवण करून देते. सर्जनला रुग्णाची ओळख का विचारायची, हे शिकवावं लागत नाही. प्रशिक्षण-पुस्तिका वाचणारीला अजून काहीच माहीत नसतं, आणि तिच्या हातात नुसता नियम दिला की तो पहिल्याच अपवादाला मोडतो.

कसा, ते बघा. समजा पुस्तिकेत एवढंच आहे: “द्रव ओढा, पीएच तपासा, ५.५ किंवा कमी असल्यास फीड द्या.” नियम उत्तम आहे. रात्रपाळीची मुलगी द्रव ओढते, पट्टीवर टाकते. पट्टी ६ दाखवते. आता? तिच्या नियमात ६ ला जागा नाही. फीडची वेळ टळत चाललीय, रुग्णाची मुलगी शेजारी उभी राहून “सिस्टर, बाबांना द्यायचं ना?” विचारतेय. अशा वेळी ती स्टेथोस्कोप काढते, हवा सोडते, गुडगुड ऐकते आणि दूध ओतते. नियम मोडला असं तिला वाटतही नाही. तिने जास्तीची तपासणी केलेली असते!

आता तिला फक्त एक ओळ जास्त माहीत आहे असं धरा: जठरात आम्ल असतं, म्हणून आकडा खाली येतो, आम्ल कमी करणारं औषध किंवा पोटात उरलेलं दूध तो आकडा वर नेतं. या एका ओळीने ६ चा अर्थ बदलतो. फुफ्फुसातला स्रावही साधारण ६ च्या वर असतो, तेव्हा ६ म्हणजे ‘नळी फुफ्फुसात आहे’ असं नाही आणि ‘पोटात आहे’ असंही नाही. ६ म्हणजे कळलेलं नाही. मग ती चार्ट उघडते. पँटोप्रॅझोल चालू आहे. आपल्याकडे वॉर्डात ते बऱ्याच जणांना चालू असतं. शेवटचं फीड कधी? नोंदीप्रमाणे पाऊण तासापूर्वी संध्याकाळच्या सिस्टरने उशिरा दिलेलं. म्हणजे दूधही आहे. ती थांबते, रुग्णाला डाव्या कुशीवर वळवते, म्हणजे नळीचं टोक साचलेल्या द्रवात बुडायला मदत होते. अर्ध्या तासाने पुन्हा ओढते. ५ आला तर फीड. पुन्हा ६ आला तर ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन: “औषध चालू आहे, नाकाजवळचा आकडा बदललेला नाही, पीएच दोनदा ६ आला, एक्स-रे करायचा का?” या फोनला कोणताही डॉक्टर “मग मी काय करू?” म्हणणार नाही, कारण त्यात त्याला लागणारं सगळं आहे.

तर मग नवं पान. त्यातला मधला भाग असा आहे:

१. पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर करा. नळीमुळे अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट मिटत नाही. आडव्या रुग्णाचं दूध घशापर्यंत परत येतं.

२. नाकपुडीजवळ नळीवरचा आकडा चार्टशी ताडून पाहा. तोंडात नळीचं वेटोळं नाही ना, ते बघा. आकडा बदलला असेल तर थांबा आणि कळवा. नळी सरकली आहे.

३. सिरिंजने थोडा द्रव ओढून पीएच पट्टीवर टाका. ५.५ किंवा कमी: फीड द्या.

४. ५.५ पेक्षा जास्त, किंवा द्रव आलाच नाही: फीड देऊ नका. पाणी सोडू नका. नळी कुठे आहे ते अजून कळलेलं नाही. आम्ल कमी करणाऱ्या औषधाने किंवा आधीच्या दुधानेही आकडा वाढतो; चार्ट पाहा, डाव्या कुशीवर वळवा, अर्ध्या तासाने पुन्हा ओढा. तरी तेच, तर डॉक्टरांना कळवा.

५. हवा सोडून आवाज ऐकू नका. नळी फुफ्फुसात असली तरी तो आवाज पोटावर येऊ शकतो.

हात धुण्यापुढे कारण लिहिलेलं नाही, हे मुद्दाम. ते सगळ्यांना पाठ आहे. कारण ठेवायचं की नाही, याची माझी कसोटी साधी आहे: ते खोडलं तर एखाद्या रात्री कोणाचा हात वेगळं काही करेल का? पहिल्या पायरीचं कारण ठेवलं, कारण फीडनंतर दहाच मिनिटांत चादर बदलायला मावशी येतात आणि पलंग सपाट करतात. ‘अर्धा ते एक तास डोकं वर ठेवा’ हा नियम सांगून मावशी ऐकत नाहीत. “मावशी, दूध घशात येईल” म्हटलं की ऐकतात. जठराची रचना, आम्ल कोणत्या पेशी तयार करतात, हे मात्र पाठ्यपुस्तकात गेलं. शिक्षिकांना ते जिवावर आलं, पण त्याने हाताचं काही बदलत नाही.

आता कोणी म्हणेल, नर्सिंगच्या पुस्तकांत कृतीपुढे कारणांचा रकाना असतोच की. असतो. परीक्षेत विचारतातही. पण तो रकाना वाचून पाहा: ‘संसर्ग टळतो’, ‘रुग्णाला आराम मिळतो’, पुन्हा ‘संसर्ग टळतो’. रकाना रिकामा राहू नये म्हणून भरलेली ही कारणं कुठल्याही कृतीपुढे चिकटवता येतात. ‘आराम मिळतो’ वाचून कोणाला ६ चा अर्थ कळणार आहे?

एक कबुली द्यायला हवी. नव्या पानातही भोक आहे. पीएच पट्टीही कधी फसवते: टोक अन्ननलिकेत राहिलं आणि आम्ल वर आलेलं असलं तर आकडा खालीच येतो. म्हणून दुसरी पायरी तिसरीच्या आधी आहे आणि ती गाळायची नाही. शिवाय नळी नव्याने घातली आणि द्रव आला नाही किंवा शंका राहिली, तर एक्स-रेला पर्याय नाही. आणि ज्या वॉर्डात ही पट्टीच नाही, तिथे तिसरी पायरी शोभेची आहे. लघवी तपासायच्या पट्ट्या असतात, त्यांचं मोजमाप साधारण ५ पासून सुरू होतं आणि त्या या कामासाठी नाहीत. पुस्तिका लिहिणाऱ्यांनी आधी स्टोअरमध्ये चक्कर मारावी.

आमचं नवं पान भिंतीवर लागलं आहे. जुन्या पुस्तिकेच्या प्रती मात्र अजून ग्रंथालयात आहेत, आणि त्यांत स्टेथोस्कोप पोटावर ठेवलेल्या सिस्टरचं चित्र आहे. ते पान फाडायची परवानगी मी मागितली आहे.