कॅप्शनमध्ये दूध कुठे आहे?

प्रसूतीच्या रजेनंतर कामावर परतणाऱ्या बाईच्या पहिल्या दिवसाची कॅप्शन तुम्ही वाचलेली असणारच. "पाऊल ऑफिसात, जीव घरात." "आजपासून दोन नोकऱ्या, दोन्ही फुलटाइम." शेवटी आधुनिक हिरकणी असा हॅशटॅग आणि एक पांढरं हृदय. फोटोत इस्त्री केलेला कुर्ता, गळ्यात आयकार्ड, मागे दारात बाळाला घेऊन उभी असलेली आजी. अभिमान आहे, हळवेपणा आहे, सगळं मापात.

माझं या कॅप्शनशी भांडण आहे. ती खोटी नसते, पण ज्या गोष्टीमुळे तो दिवस अवघड जातो नेमकी तीच ती कापून टाकते. ती गोष्ट म्हणजे दूध. मिलिलिटरमध्ये मोजता येणारं, फ्रिजमध्ये ठेवता येणारं, वेळेवर काढलं नाही तर गाठ होऊन दुखणारं दूध.

मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी कोहमाऱ्यातून काम करतो. हायवेच्या चौकापासून घर जवळ आहे, त्यामुळे माझ्या प्रत्येक मीटिंगमध्ये मागून एखादा ट्रक बोलतो. ताई बाळंतपणाला इथेच आली आणि रजा संपल्यावर इथूनच गोंदियाला एका खासगी ऑफिसात जायला लागली. बाळ सांभाळायला आई आणि तिच्या हाताखाली मी. म्हणून या दिवसाची घराकडची बाजू मला ठाऊक आहे, जी फोटोत नसते.

आधी कायद्याचं गणित पाहू. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा २०१७ मध्ये बदलला आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या, असं जागतिक आरोग्य संघटनेपासून आपल्या आरोग्य उपकेंद्रातल्या भिंतीवरच्या पोस्टरपर्यंत सगळे सांगतात. सहा महिने म्हणजेही साधारण तेवढेच दिवस. वाटतं, हिशेब जुळला.

जुळत नाही, कारण रजेचं घड्याळ बाळाच्या जन्मापासून सुरू होईलच असं नाही. यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, आणि ज्यांना आधी घ्यावे लागतात त्यांचे ते नंतरच्या भागातून जातात. ताईचं बीपी वाढलं होतं. डॉक्टरांनी रोजचा प्रवास बंद करायला सांगितलं आणि तारखेच्या पाच आठवडे आधी रजा सुरू झाली. बाळ तारखेलाच आलं. उरले २१ आठवडे, म्हणजे १४७ दिवस. ती कामावर गेली तेव्हा बाळ पाच महिन्यांचंही नव्हतं. बाळाला भात-वरण चालत नाही, वरचं दूध नको, आणि आई चाळीसेक किलोमीटरवर. मधले ३५ दिवस कोणी भरायचे, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. ते तिच्या शरीराने भरायचे.

आता एक दिवस मांडून पाहू. सकाळी आठला पाजून ती सव्वाआठला निघते आणि संध्याकाळी पावणेसातला परत येते. मधले साडेदहा तास. या वयाचं बाळ साधारण तीन तासांनी पितं, म्हणजे अकरा, दोन आणि पाच अशा तीन वेळा. एका वेळेला शंभरेक मिली धरलं तर रोज ३०० मिली दूध तिच्याशिवाय घरात असायला हवं. ते आणायचं कुठून? रजेचे शेवटचे दोन आठवडे ताई पहाटेच्या पाजण्यानंतर रोज थोडं जास्तीचं काढून ठेवायची. कधी ४० मिली, कधी ६०. झाकणाच्या छोट्या डब्या, त्यांवर तारीख, जुनी डबी आधी वापरायची. आमच्या धंद्यात याला क्यू म्हणतात; आई त्याला लोणच्याची शिस्त म्हणते.

पण साठा म्हणजे पुरवठा नव्हे, आणि कॅप्शन लिहिणाऱ्यांना हेच माहीत नसतं. दूध टाकीत भरलेलं नसतं. स्तन रिकामा झाला की शरीर आणखी बनवतं, भरलेला राहिला की बनवणं कमी करतं. म्हणून घरी बाळ ज्या वेळेला पितं, जवळपास त्याच वेळेला ऑफिसात आईने दूध काढायला हवं. अकराला एकदा, दोनला एकदा, दर वेळी वीसेक मिनिटं. हाताने काढता येतं: अंगठा आणि बोटं काळसर भागाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे. पंपही मिळतो. मात्र दोन्हींना आतून लागणारी कडी, बसायला जागा आणि हात धुवायला पाणी हवं. शिवाय पान्हा फुटायला मन थोडं सैल असावं लागतं. दाराबाहेर कोणीतरी "मॅडम, फाईल" म्हणत असताना पान्हा फुटत नाही. हे गाई पाळणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही; परक्या हाताला गाय पान्हा चोरते हे त्याला माहीत असतं. ऑफिसवाल्यांना मात्र ते समजावून सांगावं लागतं.

पहिल्या दिवशी ताईला तीन वाजेपर्यंत जागाच मिळाली नाही. कॉन्फरन्स रूमची भिंत काचेची. मग जुन्या फायलींची खोली मिळाली, तिला कडी नव्हती. एक सहकारी मैत्रीण बाहेर पाठ लावून उभी राहिली. कोणीतरी टॉयलेट सुचवलं. बाळाचं जेवण संडासात तयार करा, असा त्याचा सरळ अर्थ. घरी आली तेव्हा ओढणी ओली आणि छाती दगडासारखी झालेली. रात्री बाळाला आधी त्याच बाजूला पाजलं, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, तेव्हा उतरलं. असं उतरलं नाही, एका जागी लाल, गरम, दुखरा पट्टा दिसला आणि थंडी वाजून ताप आला, तर तो कामाचा थकवा नसतो. ती सूज असते आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं असतं. तोवर पाजणं थांबवायचं नाही, कारण थांबवल्याने ती वाढते.

असे आठ-पंधरा दिवस गेले की दूध खरंच कमी होतं. मग घरात, शेजारात, फोनवर सगळे एकच वाक्य म्हणतात: "तिचं दूध आटलं." कर्ता दूध आणि दोष तिचा. दूध आटलेलं नसतं, अकरा आणि दोनच्या वेळा हुकवून ते आटवलेलं असतं.

कायद्याने काय दिलं आहे तेही बघा. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन जादा सुट्ट्या, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीखेरीज. हे १९६१ पासून आहे. मात्र खोली, कडी, फ्रिज यांतलं काही त्या कलमात नाही, कारण बाळ जवळपास असेल असं त्यात गृहीत धरलं आहे. पाळणाघर २०१७ च्या दुरुस्तीत आलं, पण ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथेच. ताईच्या ऑफिसात चौदा लोक आहेत. अशा ऑफिसात पंधरा मिनिटांची सुट्टी घेऊन ती कोहमाऱ्याला येऊन पाजून जाईल काय?

२००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात वेगळा हिशेब लिहिला होता. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिलाही मजुरी द्यायची. प्रत्यक्षात ते किती ठिकाणी झालं हा वेगळा वाद, पण मोजलं काय ते पाहा. तिथे मुलं मोजली, इथे कर्मचारी मोजतात. आमच्याकडे आषाढात रोवणीला जाणारी बाई बांधीच्या धुऱ्यावर झाडाला झोळी बांधते आणि चिखलाचे हात धुऊन मध्येच पाजून येते. तिला रजा नाही, पगार नाही, कॅप्शनही नाही. तिच्या गरिबीचं कौतुक मी करणार नाही. पण बाळ हाकेच्या अंतरावर असणं, ही एक गोष्ट तिच्याकडे आहे आणि आयकार्डवालीकडे नाही.

आता त्या हॅशटॅगकडे येऊ. हिरकणीची दंतकथा आपण शाळेत ऐकली. गडाखालची गवळण रायगडावर दूध विकायला गेली, सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, पहारेकरी उघडेनात. घरी तान्हं बाळ. ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सत्कार केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला, कारण जिथून बाई उतरते तिथून शत्रू चढू शकतो. किल्ल्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण कथेकडे नोकरदार आईच्या बाजूने बघा. दिवसभर दुसऱ्यांना दूध विकणाऱ्या बाईला स्वतःच्या बाळापर्यंत पोचायला कडा उतरावा लागला, तिची एकमेव वाट बुजवली गेली, वाटेला तिचं नाव मिळालं आणि दरवाजा दुसऱ्या दिवशीही सूर्यास्तालाच बंद झाला. राजाला किल्ला राखायचा होता. चौदा माणसांच्या ऑफिसला कोणता किल्ला राखायचा आहे?

एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत, आणि ही कल्पना मला मनापासून पटते, कारण तिथे नावासोबत एक खोली आहे. आमच्या प्रवासात लागलेल्या एका स्थानकावरच्या कक्षाला कुलूप होतं आणि किल्ली कोणाकडे हे कोणालाच माहीत नव्हतं. तरी खोली होती. "आधुनिक हिरकणी" म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या ऑफिसात तेवढंही नसतं.

घराकडची बाजू सोपी आहे असं समजू नका. फ्रिजमधलं दूध गॅसवर ठेवायचं नाही, कोमट पाण्याच्या वाटीत डबी धरायची. साय वर आलेली दिसते. डबी हलकेच फिरवली की ती मिसळते, ते दूध नासलेलं नसतं. गोठवलेल्या दुधाला कधी साबणासारखा वास येतो. तेही खराब नसतं, पण बाळ तोंड फिरवतं. आईने बाटली घरात येऊ दिली नाही, बोंडल्याने पाजलं. पहिल्या दिवशी १०० मिलीला चाळीस मिनिटं लागली आणि त्यातलं थोडं माझ्या टी-शर्टवर गेलं. उरलेलं उष्टं दूध दोन तासांनी ओतून दिलं. ते ओतताना हात थांबतो, कारण पहाटे पाचला ते कसं निघालं हे आपण पाहिलेलं असतं.

पहिल्या दिवसाचा फोटो ताईने मला पाठवला आणि म्हणाली, कॅप्शन तू लिही. मी लिहिलं ते असं:

"आज १८२ दिवसांनी ऑफिस. बाळ २१ आठवड्यांचं. फ्रिजमध्ये तीन डब्या दूध, आईच्या हाताने काढलेलं, आजीच्या हाताने पाजायचं. अकराला आणि दोनला मी वीस मिनिटं जागेवर नसेन. त्या वेळी मला कडी असलेली एक खोली हवी आहे. काम मला येतं, ते मी विसरलेले नाही. सव्वाआठला घरून निघताना बाळाने माझं आयकार्ड मुठीत धरलं होतं. सोडवायला वेळ लागला."

ताईने दोनदा वाचलं आणि ‘दूध’ या शब्दावर थांबली. "साहेबबी फॉलो करते ना मले," ती म्हणाली. माझं म्हणणं, तेवढ्यासाठीच तो शब्द राहू दे. पोस्ट अजून ड्राफ्टमध्ये आहे. फायलींच्या खोलीला अजून कडी बसलेली नाही. मैत्रीण रोज दोनदा दाराला पाठ लावून उभी राहते.